रॉयल आयसिंग : चमचाभर पाण्याचा हिशेब

आठ सेंटिमीटर व्यासाच्या गोल कुकीवर रॉयल आयसिंगचा दोन मिलिमीटर जाडीचा थर दिला, तर त्या थरात जेमतेम तीन ग्रॅम पाणी असतं. म्हणजे चहाचा अर्धा चमचा, फार तर किंचित जास्त. एवढंसं पाणी उडून जायला एक अख्खी रात्र लागते. मुंबईत जुलै महिन्यात काही दिवस असे येतात, की ते पाणी जायला तयारच होत नाही.

बारसं, पहिला वाढदिवस, डोहाळजेवण, नाताळ अशा निमित्तांनी सजवलेल्या शुगर कुकीज पुण्या-मुंबईतल्या घरगुती बेकर्सकडे आता सर्रास मिळतात. साच्याने कापलेली बिस्किटं, त्यांच्यावर आरशासारखा सपाट रंगीत थर, कडेला बारीक नक्षी आणि मध्ये बाळाचं नाव. पाहणाऱ्याला वाटतं, सगळी करामत हाताची आहे. हात लागतोच, पण त्याआधी लागतो तो आयसिंगच्या घट्ट-पातळपणाचा अंदाज. काठ आखायचं आयसिंग वेगळं, आतली जागा भरायचं वेगळं आणि फुलं काढायचं आणखी वेगळं. गंमत म्हणजे ही तिन्ही एकाच भांड्यातून निघतात. त्यांच्यात फरक असतो तो फक्त पाण्याचा, आणि तोही चमच्यांमध्ये मोजण्याइतका.

रॉयल आयसिंगमध्ये लोणी नसतं, तेल नसतं, साय नसते. बारीक दळलेली साखर, अंड्याचा पांढरा बलक आणि पाणी एवढाच मामला. इंग्लंडमध्ये लग्नाच्या केकवर याचे थर चढवायची जुनी पद्धत आहे. वाळल्यावर ते इतकं कडक होतं, की केकचे मजले एकमेकांवर उभे राहत. अमेरिकेत हेच आयसिंग साच्याने कापलेल्या शुगर कुकीजवर आलं आणि ‘आधी काठ, मग भराव’ ही पद्धत तिथे रुळली. कच्च्या बलकातून साल्मोनेला जंतूंचा धोका असतो. त्यामुळे आज बहुतेक जण ताज्या बलकाऐवजी मेरँग पावडर वापरतात. तिच्यात उष्णतेची प्रक्रिया करून वाळवलेला बलक असतो, शिवाय थोडा डिंक आणि आंबट घटकही. अंडं न खाणाऱ्यांसाठी छोले शिजवलेलं दाट पाणी फेटून घेतात. 2014 मध्ये फ्रान्सच्या जोएल रोसेल यांनी हे पाणी बलकासारखं फेसाळतं हे दाखवून दिलं, तेव्हापासून बिनअंड्याचं रॉयल आयसिंग घरोघरी शक्य झालं.

नेहमीचं प्रमाण सोपं आहे. 450 ग्रॅम आयसिंग शुगर, तीन मोठे चमचे मेरँग पावडर आणि 75 ते 90 मिलिलीटर कोमट पाणी. आता यातल्या पाण्याकडे जरा नीट बघायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

साध्या तापमानाला एक ग्रॅम पाण्यात साधारण दोन ग्रॅम साखर विरघळते. म्हणजे 90 मिलिलीटर पाणी फार तर 180 ग्रॅम साखर पोटात घेईल. उरलेली 270 ग्रॅम साखर विरघळत नाही. ती अतिशय बारीक कणांच्या रूपात त्या गाढ पाकात तरंगत राहते. म्हणून रॉयल आयसिंग हा निव्वळ पाक नव्हे आणि निव्वळ फेसही नव्हे. ते पाकात कोंबलेल्या साखरेच्या कणांचं दाट मिश्रण आहे, आणि बलकातल्या प्रथिनांनी त्यात बारीक हवा धरून ठेवलेली असते. कण एकमेकांना जितके खेटून बसतील तितकं आयसिंग घट्ट.

अशा मिश्रणात एक छोटा चमचा, म्हणजे पाच मिलिलीटर पाणी आणखी घातलं तर काय होतं? ते पाणी लगेच दहा ग्रॅमच्या आसपास साखर विरघळवतं आणि त्याचा जवळपास अकरा मिलिलीटर पाक होतो. म्हणजे पातळ भाग दुपटीने वाढला आणि त्याच वेळी घट्टपणा देणारे कण दहा ग्रॅमने कमी झाले. एका चमच्याने दुहेरी परिणाम साधला. ‘आत्ता तर छान होतं, एकदम पाणी पाणी कसं झालं’ ही नवशिक्यांची तक्रार इथूनच येते. अनुभवी माणसं म्हणूनच पाणी ओतत नाहीत. ड्रॉपरने थेंब टाकतात किंवा स्प्रेच्या बाटलीने फवारतात, ढवळतात, बघतात आणि मगच पुढचा फवारा मारतात.

साखरेच्या बाबतीतही एक सांगायला हवं. घरी मिक्सरमध्ये केलेली पिठीसाखर लाडवांना उत्तम, पण इथे ती चालत नाही. तिचे कण मोठे आणि असमान असतात. अक्षरं लिहायच्या नोझलचं तोंड एक मिलिमीटरचं असतं. त्यात एक जाड कण अडकला, की रेघ तुटते आणि हाताने जोर दिल्यावर एकदम गोळा बाहेर पडतो. विकतची आयसिंग शुगर पुष्कळ बारीक असते आणि तिच्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून थोडा कॉर्नफ्लोअर मिसळलेला असतो. तरीही ती बारीक चाळणीतून चाळून घेतलेली बरी. भांडं आणि बीटर मात्र तुपातेलाच्या संपर्कातले नकोत. चिकटपणाचा पुसटसा थर राहिला, तरी प्रथिनं हवा धरत नाहीत आणि आयसिंग कितीही फेटलं तरी ढिलंच राहतं.

फेटायचं मंद गतीवर, सात ते दहा मिनिटं. मिश्रणाची चकाकी हळूहळू कमी होते, रंग दुधाळ होतो आणि बीटर उचलल्यावर टोक ताठ उभं राहतं. तिथे थांबायचं. जोरात किंवा फार वेळ फेटलं तर त्यात हवा जास्त शिरते. मग आयसिंग वाळल्यावर सच्छिद्र आणि ठिसूळ होतं आणि त्याचे टवके उडतात.

आता प्रत्यक्ष एक काम घेऊ. बारशासाठी बारा गोल कुकीज करायच्या आहेत. प्रत्येक आठ सेंटिमीटरची, वर फिकट पिवळा थर, कडेला छोटी लाल फुलं आणि मध्ये ‘ईशा’ हे नाव. एका कुकीवर थरासाठी साधारण 14 ग्रॅम आयसिंग लागतं, म्हणजे बारा कुकीजना 170 ग्रॅम. एवढ्या कामाला वर दिलेल्या प्रमाणाच्या निम्मं पुरतं. 225 ग्रॅम साखर, दीड मोठा चमचा मेरँग पावडर आणि 45 मिलिलीटर पाणी फेटलं की पावणेतीनशे ग्रॅमच्या पुढे घट्ट आयसिंग तयार होतं.

या घट्ट आयसिंगमधलं 40 ग्रॅम आधी बाजूला काढायचं, त्यात पाण्याचा थेंबही घालायचा नाही. फक्त लाल जेल रंग मिसळायचा. हे फुलांचं. त्याला स्टिफ पीक म्हणतात. चमचा उचलला तर वर आलेलं टोक वाकत नाही, भांडं तिरकं केलं तरी हलत नाही. पाकळीच्या कडा उभ्या राहायला हाच घट्टपणा हवा. थोडं जरी सैल असलं तरी फूल काढताना नीट दिसतं आणि पाच मिनिटांनी त्याच्या पाकळ्या एकमेकींत मिसळून गोळा होतो. अर्थात हेच घट्ट आयसिंग बारीक नोझलमधून काढायला गेलं तर हात दुखून येईल आणि रेघही थरथरत पडेल.

दुसरा भाग 60 ग्रॅमचा, काठ आखायचा आणि नाव लिहायचा. यात अगदी थोडं पाणी, पाव चमच्यापासून सुरुवात. चमचा उचलल्यावर टोक उभं राहतं, पण त्याचा शेंडा अलगद एका बाजूला वाकतो. इथे आयसिंगने दोन परस्परविरोधी गोष्टी करायच्या असतात. नोझलमधून न अडता निघायचं आणि कुकीवर पडल्यावर न पसरता गोल दोरीसारखं तसंच राहायचं. पडलेल्या रेघेवर बारीक सुरकुत्या किंवा काटे दिसले तर ते फार घट्ट आहे. रेघ चपटी होऊन रुंदावली तर फार पातळ आहे. रंगाचंही लक्षात ठेवायचं. पाण्यासारखे द्रव रंग घातले की सगळा हिशेब बिघडतो, म्हणून जेल रंगच वापरायचे.

उरलेलं 180 ग्रॅम भरावाचं, म्हणजे फ्लड आयसिंग. त्यात पिवळा रंग आणि साधारण दोन छोटे चमचे पाणी, तेही थोडं थोडं करून. नेमकं किती हे साखरेच्या बारीकपणावर आणि फेटण्यावर ठरतं, म्हणून चमच्यांवर भरवसा ठेवायचा नाही. त्याची परीक्षा सेकंदांनी करतात.

ही परीक्षा करायला सुरी किंवा सपाट चमचा घ्यायचा आणि आयसिंगच्या मधोमध तळापर्यंत एक सरळ चीर ओढायची. क्षणभर दोन्ही बाजूंच्या भिंती उभ्या राहतात. मग त्या खालून फुगतात, चिरेचा तळ बुजतो, कडा गोलावतात, वर एक उथळ खळी उरते आणि शेवटी तीही पुसली जाऊन पृष्ठभाग पुन्हा एकसंध दिसतो. चीर ओढल्यापासून एकसंध होईपर्यंत मनात सेकंद मोजायचे. पंधरा ते वीस सेकंद लागले तर भरावाला योग्य. दहाच्या आत चीर मिटली तर ते काठावरून ओघळेल आणि वाळायलाही फार वेळ घेईल. पंचवीसच्या पुढे गेलं तर ते आपोआप सपाट होणार नाही, वर लाटा राहतील. बेकर्सच्या बोलण्यात ‘वीस सेकंदांचं आयसिंग’ असा शब्द येतो तो इथून. अनेक जण काठ आणि भराव दोन्हींसाठी हे एकच आयसिंग वापरतात. त्यात पिशव्या कमी लागतात, वेळ वाचतो. पण ज्यांचा हात अजून बसलेला नाही, त्यांनी काठाचं आयसिंग वेगळंच ठेवावं. एकाच आयसिंगने काठ आखताना रेघ सेकंदागणिक पसरत असते आणि चूक सुधारायला उसंत मिळत नाही.

भरावाचं आयसिंग ढवळताना हवा शिरते. त्यामुळे ते ओल्या फडक्याने झाकून पंधरा मिनिटं तसंच ठेवायचं, मग भांडं ओट्यावर हलके आपटायचं. वर आलेले बुडबुडे टाचणीने फोडता येतात. झाकणं मात्र विसरायचं नाही. उघड्या आयसिंगवर काही मिनिटांत पापुद्रा धरतो आणि तो ढवळला की त्याचे तुकडे नोझलमध्ये जाऊन बसतात.

पिशव्या भरल्या की काठापासून सुरुवात. पिशवीचं टोक मेंदीच्या कोनासारखं अगदी बारीक कापलं तरी चालतं, नाहीतर दोन नंबरचं गोल नोझल लावायचं. नवखा माणूस टोक कुकीला टेकवून पेन्सिलीसारखं ओढतो आणि रेघ खरवडली जाते. खरी युक्ती उलटी आहे. टोक कुकीला टेकवून आयसिंग चिकटवायचं, मग हात सेंटिमीटरभर वर उचलायचा आणि हवेत लोंबणारी रेघ हव्या त्या मार्गावर अलगद पडू द्यायची. काठापासून दोन-तीन मिलिमीटर आत. गोल पूर्ण होत आला की दाब सोडायचा आणि टोक खाली आणून जोडायचं.

काठ आखल्यावर दोन वाटा आहेत. लगेच भराव टाकला तर काठ आणि भराव एकमेकांत मिसळतात आणि वाळल्यावर रेघ वेगळी दिसत नाही. काठ तासभर वाळू दिला तर ती रेघ उठून दिसते, चित्राच्या बाह्यरेषेसारखी. बारशाच्या कुकीला सपाट थर हवा असल्याने पहिली वाट बरी. भराव काठाच्या कडेकडेने सुरू करून नागमोडी रेघांनी मध्यभागाकडे न्यायचा, पण जागा गच्च भरायची नाही. साधारण तीन-चतुर्थांश भरलं की टाचणीने किंवा स्क्राइब नावाच्या सुईने छोटी गोल वळणं देत आयसिंग मोकळ्या जागांत ओढायचं. मग कुकी पकडून हलकी हलवायची, की पृष्ठभाग सपाट होतो. या सगळ्याला दोन-तीन मिनिटं मिळतात. त्यानंतर वर पातळ कवच धरायला लागतं आणि मग सुई फिरवली तर सुरकुती उमटते ती कायमची.

ज्यांना ओल्या थरातच ठिपके किंवा रेघा मिसळायच्या असतात, त्यांनाही हाच वेळ मिळतो. दोन्ही रंगांचं आयसिंग सारख्याच सेकंदांचं असलं तरच ठिपका थराच्या पातळीत बसतो. ठिपका घट्ट असेल तर टेंगूळ राहतं, पातळ असेल तर तो फिसकटतो.

आता वाळणं. मऊ पृष्ठभागाचं कडक कवच होतं तेव्हा आत नेमकं काय घडतं? वरचं पाणी हवेत जातं. पाकात आता तेवढी साखर विरघळलेली राहू शकत नाही, म्हणून ती कणांवर जमते आणि शेजारच्या कणांना एकमेकांशी जोडते. हे वरून सुरू होतं आणि हळूहळू खाली सरकतं. खालच्या पाण्याला वरच्या कडक झालेल्या थरातूनच वाट काढावी लागते, म्हणून सुरुवातीचा वेग पुढे टिकत नाही. पंधरा ते तीस मिनिटांत कवच धरतं, तेव्हा शेजारचा दुसऱ्या रंगाचा भाग भरता येतो. दोन-तीन तासांत कवच एवढं होतं, की वर हलक्या हाताने लिहिता येतं, पण चुकून बोट दाबलं तर तडा जातोच. पूर्ण वाळायला आठ ते बारा तास लागतात आणि दमट हवेत चोवीस. त्याआधी कुकीज एकावर एक ठेवायच्या नाहीत. ओला थर चकचकीत दिसतो, वाळलेल्याची चकाकी जरा उतरून साटीनसारखी होते. मध्यभाग अजून काळपट-ओला दिसत असेल तर घाई करू नये. काठ आधी वाळतो, मध्यभाग सगळ्यात शेवटी.

इथे महाराष्ट्रातल्या बेकर्ससाठी एक आकडा फार मोलाचा आहे. साखरेचा गाढ पाक आणि हवा यांचा समतोल साधारण 85 टक्के सापेक्ष आर्द्रतेला होतो. हवेत त्याहून जास्त ओल असली तर पाकातलं पाणी बाहेर जात नाही, उलट साखरच हवेतलं पाणी ओढून घेते. आर्द्रता 85 च्या जवळ पोहोचली की वाळण्याचा वेग जवळपास शून्यावर येतो. कोकणपट्टीत आणि मुंबईत पावसाळ्यात आर्द्रता कित्येकदा याच्या पुढे जाते. अशा दिवशी कुकीज टेबलावर दोन दिवस ठेवल्या तरी बोटाला चिकटतात. बेकरला वाटतं प्रमाण चुकलं. प्रमाण बरोबर असतं, हवाच पाणी घ्यायला तयार नसते.

पंख्याबद्दलचा गैरसमजही इथेच फिटतो. पंखा हवा कोरडी करत नाही. कुकीवर साचलेली दमट हवा तो फक्त बाजूला सारतो. खोलीतली आर्द्रता साठ टक्के असेल तर पंखा उत्तम काम करतो. पहिला अर्धा तास छोट्या टेबलफॅनचा वारा दिला तर कवच पटकन धरतं, चकाकी टिकते आणि थर बसत नाही. पण नव्वद टक्के आर्द्रतेत पंखा नुसती दमट हवाच फिरवत राहतो. तिथे दारं-खिडक्या बंद करून एसी किंवा डीह्युमिडिफायर लावण्याला पर्याय नाही. स्वयंपाकघरात कुकर चालू असेल तर कुकीज दुसऱ्या खोलीत. शंभर-दोनशे कुकीजचं काम घेणाऱ्यांनी भिंतीवर एक साधा हायग्रोमीटर लावावा, कारण अशा दिवशी त्याच्यावरचा आकडा बघितल्याशिवाय वेळ सांगता येत नाही.

नागपूर-अकोल्याच्या एप्रिल-मे महिन्यातला प्रश्न बरोबर उलटा असतो. हवा इतकी कोरडी, की दोन-तीन मिनिटांची मुदत एका मिनिटावर येते आणि नोझलच्या तोंडाशीच आयसिंग घट्ट होतं. तिथे पिशवीचं टोक ओल्या फडक्यात खोचून ठेवायचं, एका वेळी एकच कुकी आखून भरायची आणि पंखा बंद ठेवायचा.

लवकर वाळावं म्हणून फ्रिजमध्ये ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. बाहेर काढल्याबरोबर गार कुकीवर दव धरतं आणि रंग ओघळतात. ओव्हनमध्ये ठेवलं तर कुकीतलं लोणी सैल होऊन आयसिंगमध्ये वर चढतं. उन्हात ठेवलं तर गुलाबी आणि जांभळे रंग उडतात. आयसिंग चावायला मऊ लागावं म्हणून त्यात लिक्विड ग्लुकोज घालायची पद्धत आहे. पण तो पाण्याला धरून ठेवतो, म्हणून पावसाळ्यात तो टाळलेलाच बरा.

बिघडलेल्या कुकीकडे बघून काय चुकलं हे बऱ्याचदा ओळखता येतं. छोट्या भागात, उदाहरणार्थ बाळाच्या चित्रातल्या नाकात किंवा बटणात, भराव टाकताना टपोरा दिसतो आणि तासाभरात मध्यभागी खड्डा पडतो. पातळ आयसिंग खाली बसतं आणि कवच त्याला पेलण्याइतकं धरलेलं नसतं. उपाय म्हणजे आयसिंग थोडं घट्ट, वीस सेकंदांपलीकडचं घ्यायचं, आधी त्या जागेत काठाच्या आयसिंगची नागमोडी रेघ टाकायची आणि लगेच पंख्यासमोर ठेवायचं.

पांढऱ्यावर लाल किंवा काळ्या रंगाची धूसर झाक पसरली तर दोष ओलाव्याचा. गडद रंगासाठी जेल खूप लागतं. आयसिंग पातळ असलं आणि खालचा थर अर्धवट वाळलेला असला, की विरघळलेला रंग पाण्याबरोबर शेजारी सरकतो. गडद रंग आदल्या दिवशीच मिसळून झाकून ठेवले तर रात्रीत ते आपोआप गडद होतात आणि जेल कमी लागतं. पिवळसर, तेलकट ठिपके उमटले तर दोष आयसिंगचा नसून कुकीचा. बिस्किट कच्चट राहिलं किंवा कोमट असतानाच आयसिंग केलं, की लोणी वर येतं. भाजलेल्या कुकीज पूर्ण गार करून रात्रभर टिश्यू पेपरवर ठेवल्या तर हे बरंच टळतं.

आता नाव. देवनागरी लिहायला इंग्रजीपेक्षा अवघड, हे बेकर्सचं म्हणणं खरं आहे. इंग्रजी अक्षरं वेगवेगळी बसतात. देवनागरीत शिरोरेषा सगळ्यांना बांधते, मात्रा तिच्या वर जातात, उकार खाली येतात. ‘ईशा’मध्ये ई आहे, तिच्या डोक्यावर रफारासारखं वळण आहे आणि श ला गाठ आहे. एक मिलिमीटरच्या रेघेने या गाठीत पोकळी राखायची तर अक्षराची उंची किमान दीड सेंटिमीटर हवी, नाहीतर श ची गाठ बुजून ठिपका होतो. शिरोरेषा आधी आखावी आणि पाच-दहा मिनिटं वाळू द्यावी. मग अक्षरं तिच्याखाली लोंबवावीत. शेवटी आखायला गेलं तर ओल्या अक्षरांच्या डोक्यावरून नोझल जातं आणि एखादं अक्षर ओढलं जातं. जोडाक्षरांचं नाव असेल, प्रज्ञा किंवा श्रद्धा, तर आधी कागदावर कुकीच्या आकाराचा गोल काढून त्यात बॉलपेनने लिहून बघावं. कागदावर बसलं नाही तर आयसिंगने कधीच बसणार नाही. काठाचं आयसिंग लिहिण्यासाठी थोडं, अगदी दोन-चार थेंबांनी, सैल केलं तर वळणं तुटत नाहीत. थोड्या वेळाने पिशवीत पाक टोकाकडे उतरतो. त्यामुळे बराच वेळ पडून असलेली पिशवी हाताने मळून मगच लिहायला घ्यावी.

फुलं मात्र कुकीवर थेट काढायची गरज नाही. बटरपेपरवर घट्ट आयसिंगने काढून रात्रभर वाळवली, की सोलून घेता येतात आणि आयसिंगच्याच थेंबाने चिकटवता येतात. कोरड्या डब्यात ती महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून अनुभवी बेकर पावसाळ्याआधीच फुलांचे डबे भरून ठेवतात.

बारा कुकीजच्या या कामाचं वेळापत्रक असं बसतं. पहिल्या दिवशी भाजून रात्रभर गार करणं. दुसऱ्या दिवशी काठ, भराव आणि रात्रभर वाळवण. तिसऱ्या दिवशी नाव आणि फुलं, पुन्हा रात्रभर. चौथ्या दिवशी सकाळी पिशवीत बंद. हातांनी होणारं काम सगळं मिळून चार-पाच तासांचं, बाकीचा वेळ पाण्याच्या उडून जाण्याचा. तो पैसे जास्त देऊन कमी होत नाही. तेव्हा जून ते सप्टेंबरमध्ये नावाच्या कुकीज मागवायच्या असतील तर बेकरला किमान आठवडाभर आधी सांगा आणि ‘उद्या देता का’ असं विचारू नका. कुकीज घरी आल्यावर त्या बंद पाकिटातच, फ्रिजबाहेर ठेवा आणि पाकीट ऐन कार्यक्रमाच्या वेळीच उघडा.